दीड तासाचे सात तुकडे

१५ फेब्रुवारी, शनिवार. दीड तासाच्या एका रेकॉर्डिंगमधून आठवडाभराच्या सात पोस्ट काढायच्या होत्या. सोमवारची सकाळी आठला गेली पाहिजे, कारण जळगावात आणि धुळ्यात दुकानदार शटर वर करून झाडू मारून होईपर्यंत मोबाईल बघतो आणि नंतर दुपारी जेवल्याशिवाय बघत नाही. हे मला आमच्या सरांनीच शिकवलं होतं. त्या शनिवारी सर घरी खाटेवर होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

आमची संस्था म्हणजे जेमतेम तीन माणसं. सर शिकवणार. मी जळगावच्या ऑफिसात बसून बाकीचं सगळं करणार, म्हणजे नोंदणी, फोन, वेबिनार चालवणं आणि त्यानंतरच्या पोस्ट. धुळ्याला एक गृहस्थ समोरासमोरच्या वर्गाच्या बॅचसाठी नावं गोळा करणार आणि हॉल बघणार. त्यांचं पूर्वी वह्यापुस्तकांचं दुकान होतं. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला अक्का म्हणतात. वयाने ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत, पण हुकूम मी सोडते म्हणून अक्का. आमच्याकडे येणारे लोक भांडीवाले, कापडवाले, डाळमिलवाले, ठिबकच्या नळ्या विकणारे. धंदा त्यांना येतो. गिऱ्हाईक का तुटतं ते कळत नाही. ते सर सांगत.

सर मूळचे धुळ्याकडचे. इंग्रजी शब्द न वापरता दीड तास बोलायचे आणि मधेच अहिराणीत शिरायचे. धुळ्याचे लोक त्याच्यासाठीच येत.

चार तारखेला, मंगळवारी संध्याकाळी, आमचा वेबिनार झाला. विषय होता, आलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही. सर ऑफिसातल्या आतल्या खोलीतून बोलले, मी बाहेरच्या टेबलावर बसून लोकांना आत घेणं, कोणाचा माईक चालू राहिला असेल तर बंद करणं, चॅटमध्ये उत्तरं देणं, हे करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर चहा घ्यायला उठले तर उजव्या हाताने कप उचलवेना. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, विचारलं काय झालं, तर तोंडातून शब्द येईना. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद झाली होती. दहा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले होते. पाय थोडा चालत होता, हात नाही, आणि बोलणं एका शब्दावर येऊन थांबलं होतं. तो शब्द होता 'बरं'. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं.

वहिनींचा फोन शुक्रवारी आला होता. "ताई, दहा दिवस झाले, काही टाकलं नाहीत तुम्ही. लोक विचारतायत मला."

मी म्हटलं, "वहिनी, काय टाकू?"

"ते वेबिनार आहे ना? नेहमी करता तसं करा. आठवडाभर पुरवता तुम्ही. धुळ्याची बॅच एक मार्चला आहे. तोपर्यंत ते उभे राहतील."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले प्रयत्न करत राहा."

डॉक्टरांनी हे वाक्य कशासाठी वापरलं असेल ते मला कळत होतं. पण एक मार्चची बॅच ही वहिनींसाठी बॅच नव्हती. सर पुन्हा उभे राहतील की नाही, याचं त्यांनी स्वतःसाठी नक्की केलेलं उत्तर होतं. बॅच झाली तर सर बरे झाले. बॅच रद्द झाली तर नाही. नोंदणीत बावीस नावं होती. फी पहिल्या दिवशी हॉलवर घ्यायची आमची रीत, त्यामुळे अजून कोणाचा पैसा आमच्याकडे अडकलेला नव्हता. म्हणून मीही म्हटलं, एवढं काय, करते.

आता हे काम कसं होतं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आधी रेकॉर्डिंग एकदा सलग ऐकायचं. हातात वही, आणि जिथे सर काही घेण्यासारखं बोलले तिथली मिनिटं-सेकंद टिपायची. यंत्राकडून लिहून घेण्याची सोय आहे, पण अहिराणी सुरू झाली की ते यंत्र काय वाटेल ते लिहितं, म्हणून मी हातानेच लिहिते. मग एका दिवसाला एकच मुद्दा. सोमवारी पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. मंगळवारी पाच चित्रांची मालिका, एकेका चित्रात एकेक चूक. बुधवारी सरांचं एक वाक्य, मोठ्या अक्षरात. गुरुवारी प्रश्न-उत्तराचा व्हिडिओ. शुक्रवारी एखाद्या दुकानाची गोष्ट, नुसती लिहून. शनिवारी लोकांना विचारायचा एक प्रश्न. रविवारी सगळ्याचं सार आणि खाली बॅचची नोंदणी. व्हिडिओ आडवा असतो तो मोबाईलसाठी उभा कापायचा, सरांचा चेहरा मधे येईल असा. खाली बोललेलं सगळं लिहून टाकायचं, कारण दुकानात माणूस आवाज बंद ठेवून बघतो. पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर बोट पुढे सरकतं. आणि मधल्या थांबायच्या जागा कापायच्या. सरांना 'काय आहे ना' म्हणायची सवय होती. एका तासात ते साठ-सत्तर वेळा येई. मी ते सगळे काढायची. व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची एक पट्टी दिसते, बोलणं असेल तिथे काटेरी, गप्प असेल तिथे सपाट. सपाट दिसलं की कापायचं. हे मी इतकी वर्षं केलंय की आवाज न ऐकताही कापू शकते.

सोमवारचा तुकडा लगेच सापडला. अठराव्या मिनिटाला सर म्हणतात, "गिऱ्हाईक दुकानमा येस, तवय तुम्ही काय करतस? मोबाईल देखतस! तो उभा ऱ्हास, जास निंघी. मंग तुम्ही म्हनतस, धंदा नही शे." म्हणजे गिऱ्हाईक उभं राहून निघून जातं आणि दुकानदार मोबाईल बघत राहतो. आणि सर हसतात. त्याच्याहून चांगली सुरुवात मिळाली नसती. मंगळवारच्या पाच चुका तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या मिनिटात ओळीने होत्या. बुधवारचं वाक्यही मिळालं. शुक्रवारची गोष्ट नशिराबादच्या एका किराणावाल्याची, ती सर नेहमीच सांगत.

गुरुवारसाठी मला प्रश्न-उत्तरं हवी होती आणि ती शेवटी होती. मी पासष्टाव्या मिनिटावर गेले.

पट्टी सपाट होती. म्हणजे मधेमधे काटे, आणि काट्यांच्या मधे लांब लांब सपाट. पहिल्या तासातली पट्टी आणि ही पट्टी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांच्या वाटाव्यात.

मी आवाज लावून ऐकलं. सावद्याच्या एका बाई केळीचे वेफर्स विकतात, त्यांनी विचारलं होतं, लोक भाव जास्त म्हणतात, कमी करू का? सर म्हणाले, "ताई, भाव कमी... भाव कमी करू नका, तुमचा..." मग थांबले. चार सेकंद. "तुमची पिशवी... पिशवी नाही, ते... काय आहे ना... काय आहे ना..." मग हसले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

पुढच्या प्रश्नालाही तेच. सोपे शब्द नीट येत होते, 'आणि', 'मग', 'तुम्ही'. नेमका वस्तूचा शब्द आला की ते दारात अडकल्यासारखे अडकत. सुमारे वीस मिनिटं असं. नंतर शेवटची पाच मिनिटं पुन्हा नीट. आभार त्यांनी व्यवस्थित मानले.

रेकॉर्डिंगबरोबर त्या वेळच्या चॅटची फाईल आपोआप साठते, प्रत्येक ओळीपुढे वेळ असते. मी ती उघडली. सात वाजून आठ मिनिटांनी कोणीतरी लिहिलेलं, 'सरांचा आवाज अडकतोय.' त्याच्याखाली आणखी दोघांचं तसंच. त्याखाली माझं: 'नेटवर्कची अडचण आहे. कृपया एकदा बाहेर पडून पुन्हा जोडले जा.' सात वाजून चौदा मिनिटांनी धुळ्याचा एक कापडवाला, 'सर दमेल दिसतस. आराम करू द्या.' त्याला मी एक हसरं तोंड पाठवलं होतं. सात सोळाला पुन्हा माझं, 'नेटवर्क.'

आतल्या खोलीचं दार माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर आहे.

मी तेव्हा उठले नाही, कारण आमच्याकडे दर वेबिनारला नेटवर्कची बोंब असते. भुसावळचा माणूस अडकतो, शिरपूरचा गळून पडतो. ते उत्तर माझ्या बोटांत तयारच असतं. सर बाहेर आले तेव्हा मी विचारलंही, "आज नेटने फार छळलं का?" सर म्हणाले, "बहुतेक." आणि पाणी पिऊन स्कूटरवर बसून घरी गेले.

नंतर मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, कोणाचं ते न सांगता, विचारलं. त्यांनी सांगितलं, असं अर्धा तास होऊन आपोआप जातं, तो इशारा असतो, त्याच वेळी दवाखान्यात न्यावं. नेलं असतं तर टळलं असतं का? ते म्हणाले, टळतंच असं नाही, पण टळतंही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी मी एक गोष्ट करून पाहिली, ती लिहितेच. वेफर्सवाल्या बाईंना दिलेलं उत्तर मी कापायला घेतलं. चाळीस सेकंदांत अकरा काप. जिथे चित्र उडी मारतं तिथे चेहरा थोडा जवळ आणायचा, पुढच्या कापाला पुन्हा लांब, म्हणजे मुद्दाम केलंय असं वाटतं. हे सगळेच करतात. पिशवी काढली, 'काय आहे ना' काढलं, शांतता काढली. उरलं ते ऐकलं. सर ठणठणीत होते. वाक्यं छोटी होती, एवढंच. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

ते मी पुसून टाकलं. पण गुरुवारला काहीतरी हवं होतं, म्हणून प्रश्न एका चित्रावर घेतला आणि उत्तर सरांच्या जुन्या टिपणांवरून मी स्वतः लिहिलं. खाली सरांचा फोटो आणि नाव. त्यांनी न बोललेली गोष्ट त्यांच्या नावाने मी प्रथमच टाकत होते. आधी मी त्यांच्या बोलण्यातून काढत असे, घालत नसे.

सातही पोस्ट वेळा लावून ठेवल्या आणि धुळ्याला फोन केला.

भाऊंना मी रेकॉर्डिंगचं सांगितलं. त्यांनी कितव्या मिनिटापासून ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, मीबी व्हतू ना त्या मीटिंगमा. माले वाटनं, सरनी आज जेवण केलं नशे."

"तुम्ही काही लिहिलं नाहीत चॅटमध्ये?"

"तुम्ही लिहेल व्हतं ना, नेटवर्क. मंग मी राऊटर बंद करीसन चालू करं."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"वहिनींना सांगशात?" त्यांनी विचारलं.

"बघते."

"आन बॅच?"

"तुम्ही हॉल धरून ठेवा."

"जळगाववाला आपला म्हनतस धरा, हॉलवाला म्हनस पक्कं सांगा. मधमा मी." ते कुरकुरले, पण हॉल धरून ठेवला.

सोमवारचा व्हिडिओ आमच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. का चालला ते मला माहीत नाही. कोणीतरी तो धुळ्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथून पारोळ्याला, अमळनेरला गेला. लोक एकमेकांना 'मोबाईल देखतस!' म्हणून चिडवायला लागले. खाली शेरे पडत होते, 'सर, एक नंबर', 'सर, आमच्या गावाला या'. मंगळवारी नोंदणी सव्वीस झाली, बुधवारी एकतीस. हॉलमध्ये तीस खुर्च्या मावतात. गेल्या दोन वर्षांत ती बॅच कधी पुरी भरली नव्हती.

वहिनींनी मला तो व्हिडिओ परत पाठवला, माझाच मला. खाली लिहिलं होतं, 'बघा.'

गुरुवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. रविवारची पोस्ट दाखवायला. सरांचा नियम होता की त्यांनी बघितल्याशिवाय त्यांच्या नावाची एकही ओळ बाहेर जायची नाही, आणि मी आठवडाभर तो मोडत होते. रविवारच्या पोस्टच्या शेवटी ओळ होती, 'एक मार्च, धुळे. सर तुम्हाला प्रत्यक्ष भेटतील. आजच नाव नोंदवा.' ही ओळ मला त्यांना न विचारता टाकायची नव्हती.

सर पुढच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. दाढी केलेली होती. मला बघून त्यांनी डावा हात वर केला. समजतं त्यांना, चेहऱ्यावरून कळतं. निदान बरंचसं समजतं. आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्यांनी वहिनींना चित्रांचं एक पुस्तक दिलं होतं, कप, चप्पल, चावी. ते उशाशी होतं.

मी पोस्ट वाचून दाखवली. सर लक्ष देऊन ऐकत होते.

"सर, जाऊ दे का ही?"

"बरं."

"बघा!" वहिनी दारातून म्हणाल्या. "म्हणाले की नाही बरं?"

मी उलटं विचारलं, "सर, थांबवू का ही?"

"बरं."

वहिनी दारातून आत आल्या.

"सर, लोकांना सांगू का, तुम्हाला बरं नाही म्हणून?"

"बरं. बरं, बरं." मग त्यांनी डोकं हलवलं, हो असंही नाही आणि नाही असंही नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत राग आला. माझ्यावर नसावा. तोंडातून दुसरं काही बाहेर येत नाही याचा असावा. पण मी खात्री देत नाही.

वहिनींना वाटलं त्यांना खूश करावं. त्यांनी मोबाईलवर सोमवारचा व्हिडिओ लावला आणि त्यांच्या समोर धरला. "गिऱ्हाईक दुकानमा येस, तवय तुम्ही काय करतस?" सरांचा आवाज खोलीत भरला. सरांनी शेवटपर्यंत ऐकला. तो संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तसं त्यांनी डाव्या हाताने मोबाईल वहिनींच्या हातातून घेतला आणि खाटेवर पालथा घातला. आवाज चालूच होता, गादीत दबलेला. वहिनींनी तो उचलून बंद केला.

"कंटाळतात," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चारदा लावलाय मी."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी चहा ठेवला. मला सांगायचं ते मी आल्या आल्या सांगून टाकायला हवं होतं, पण आता चहाच्या भांड्याकडे बघत सांगितलं. वेबिनारमध्ये शेवटी वीस मिनिटं त्यांना शब्द सापडत नव्हते. लोकांनी लिहिलं होतं. मी नेटवर्क म्हणून सांगितलं. मी दार उघडून बघितलं नाही.

वहिनींनी गॅस बारीक केला.

"त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला," त्या म्हणाल्या. "चष्मा डोळ्यांवर होता. मी म्हटलं, काय हो, डोळ्यांवर आहे की. तर म्हणाले, नाही, तो नाही, चष्मा दे, जेवायचंय. ताट हवं होतं त्यांना. मी म्हटलं, दमलाय तुम्ही, बसा. ताट वाढलं. जेवले आणि झोपले."

"दवाखान्यात सांगितलंत हे?"

"त्यांनी विचारलं होतं, आदल्या दिवशी बोलताना काही अडखळले का. मी नाही म्हटलं." चहा वर आला, त्यांनी भांडं उतरवलं. "नाही म्हटल्यावर मग नाहीच राहिलं ते. तुम्हीही नका सांगू कोणाला."

मी कपात चहा ओतून घेतला. एकमेकींची समजूत घालावी असं दोघींनाही वाटलं नाही, किंवा घालता आली नाही.

मग मी म्हटलं, "वहिनी, एक मार्चला आठ दिवस राहिलेत. एकतीस माणसं येणार आहेत. तिथे कोण बोलणार?"

"तुम्ही बोला."

"मला नाही येत, वहिनी. मला कापता येतं."

"तुम्ही त्यांचं सगळं ऐकलंय. पाठ असेल तुम्हाला."

"ते लोक त्यांना बघायला येतायत. मोबाईलमध्ये धडधाकट बघितलंय त्यांनी सरांना, या आठवड्यात."

"मग चांगलंच आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "मलाही तसंच बघू द्या ना. रविवारपर्यंत तरी. सात केलेत ना तुम्ही? सात जाऊ द्या. पुढचं पुढे."

"पुढचं म्हणजे आणखी व्हिडिओ? जुनी रेकॉर्डिंग आहेत पुष्कळ. वर्षभर पुरतील."

हे मी टोमणा म्हणून बोलले. त्यांनी तो तसा घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वर्षभर? खरंच?"

तेव्हा मला कळलं की हे कुठेच थांबणारं नाही. मला पाहिजे तितके दिवस सर बोलत राहतील. रोज सकाळी आठला. गावोगावचे लोक त्यांना बोलवत राहतील आणि पुढच्या खोलीत ते मोबाईल पालथा घालत राहतील. आणि वहिनी मला मीठ-साखर मागावं तशा आवाजात आणखी एक मागत राहतील.

मी म्हटलं, "मी उद्या लोकांना सांगणार आहे."

वहिनी म्हणाल्या, "माझी परवानगी नाही."

"त्यांची आहे का?"

"तुम्ही विचारलंत ना त्यांना. बरं म्हणाले." त्यांनी माझा अर्धा कप उचलून मोरीत ओतला. "सांगा. पण सांगितल्यावर इथे येऊ नका मग काही दिवस. आलात तर माझ्या तोंडून काहीतरी जाईल."

मी निघाले तेव्हा सरांनी डावा हात वर केला, आले तेव्हा केला होता तसाच.

शुक्रवारी सकाळी मी साडेसातला ऑफिस उघडलं. आठच्या आत शुक्रवार, शनिवार आणि रविवारच्या लावून ठेवलेल्या पोस्ट काढून टाकल्या. गुरुवारची, माझ्या शब्दांची, तीही काढली. तिला तोवर दीडशेच्या वर लोकांनी पसंती दिली होती. मग एकतीस नावांची यादी समोर घेतली. धुळ्याच्या भाऊंनी निम्मी मला द्या म्हणून सांगितलं होतं, पण हे माझं काम होतं.

पहिलं नाव धुळ्याच्या एका भांडीवाल्यांचं. सरांच्या आधीच्या दोन बॅचना ते आले होते. मी सांगितलं, सर आजारी आहेत, त्यांना बोलता येत नाही, एक मार्चची बॅच होणार नाही.

ते आधी हसलेच. "काय अक्का, सकाय सकाय गंमत करतस का? परवदिन आयकं ना मी सरले. कालदिनबी त्यासनं उत्तर वाचं. ठणठणीत शेतस सर."

मी म्हटलं, तो व्हिडिओ चार तारखेचा आहे. आम्ही एकाच दिवसाचे तुकडे करून टाकत होतो. आणि कालचं उत्तर सरांचं नव्हतं, मी लिहिलं होतं.

मागे कोणीतरी भांड्यांचा ढीग उतरवत होतं, तो आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "तुम्हीच सांगतस सर बोलतस, आन तुम्हीच सांगतस बोलता येत नही. कोनतं खरं मानू?"

मी म्हटलं, आताचं.

"मंग सरले फोन द्या," ते म्हणाले. "त्यासनं तोंडतून आयकसू, तवय नाव काढसू."

मी त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाव काढू नका म्हणून फोन ठेवला. मी त्यांच्या नावापुढे 'सांगितलं' एवढं लिहिलं आणि दुसरा नंबर लावला.